विमानाला टप्पा नसतो

माझे थोरले मामा सातारच्या डेपोत एसटीचे वाहक होते. उभी हयात त्यांनी तिकिटं फाडली, त्यामुळे भाडं या विषयावर त्यांना कोणी काही शिकवावं ही कल्पनाच त्यांना पटत नसे. एसटीचं भाडं टप्प्यावर चालतं, सहा किलोमीटरचा एक टप्पा. किती टप्पे ते मोजायचे, दराने गुणायचे, झालं. पुढच्या सीटवरचा आणि मागच्या सीटवरचा प्रवासी एकाच स्टॉपवर चढून एकाच स्टॉपवर उतरणार असेल, तर दोघांचं तिकीट एकच.

म्हणून २०२४ च्या नोव्हेंबरात काशीयात्रेसाठी मुंबई–वाराणसी विमानाचं तिकीट काढायला मामा-मामी माझ्याकडे आले, तेव्हा पहिली ठिणगी तिथेच पडली. मी लॅपटॉपवर मामांच्या डोळ्यांदेखत एका प्रवाशासाठी शोध घेतला. भाडं दिसलं ५,०६० रुपये. मग प्रवाशांची संख्या दोन केली. तेच विमान, तीच वेळ, पण आता माणशी ५,६४० रुपये.

"अगं, दोघांना घेतलं तर कमी व्हायला पाहिजे. हे वाढतंय कसं?" मामा म्हणाले. त्यांच्या आवाजात आता तिकीट तपासनिसाचा संशय होता.

संशय रास्त होता, पण चूक कुठेच नव्हती. विमान कंपनी एकाच इकॉनॉमी वर्गातल्या खुर्च्या वेगवेगळ्या भावांच्या गटांत वाटून ठेवते. खुर्ची तीच, पाय पसरायला जागा तेवढीच, फरक फक्त भावाचा. सगळ्यात स्वस्त गट आधी विकला जातो, तो संपला की पुढचा उघडतो. आम्ही शोधलं तेव्हा स्वस्त गटात बहुधा एकच जागा उरली होती. दोन जागा एकत्र मागितल्या की यंत्रणा एकाला स्वस्त आणि दुसऱ्याला महाग असं करत नाही. दोघांनाही पुरेल इतक्या जागा ज्या गटात आहेत, तिथे दोघांना नेऊन बसवते. त्यामुळे दोन-तीन माणसांचं तिकीट काढताना आधी एकट्याचं भाडं पाहून घ्यावं. निदान फरक किती आणि का, ते तरी कळतं.

हे गट रोज, कधी कधी दिवसात अनेकदा वरखाली होतात. मागणी वाढेल असं वाटलं की कंपनी स्वस्त गट बंद करते. मामांना खरं तर संक्रांत झाल्यावर निघायचं होतं. पण १३ जानेवारी २०२५ पासून प्रयागराजला महाकुंभ भरणार होता आणि वाराणसी तिथून जवळ. त्या आठवड्यांचे भाव पाहून मामींनीच निकाल दिला, "डिसेंबरातच जाऊ. देव काय पळून जातोय?"

एसटीचं भाडं वाढवायचं तर सरकारी मंजुरी लागते. देशांतर्गत विमानात तसं नाही. १९९४ मध्ये सरकारी विमान कंपन्यांची मक्तेदारी कायद्याने संपली आणि भाडी ठरवणं कंपन्यांच्या हाती आलं. रेल्वेत आणि विमानात मला जो मूळ फरक वाटतो तो असा: रेल्वेत बहुतेक गाड्यांचं भाडं आधीच ठरलेलं असतं, पण जागा मिळेल की नाही याची धाकधूक असते. विमानात पैसे भरले की जागा मिळालीच, अनिश्चित असतं ते भाडं. पहिल्यांदा विमानाने जाणारी माणसं रेल्वेची सवय घेऊन येतात. जागेची काळजी करत बसतात आणि भावाकडे त्यांचं लक्षच नसतं.

मग मामांनी वाहकाचा डाव टाकला. दोन तिकिटं वेगवेगळी काढायची. एक ५,०६० चं, एक ५,६४० चं. ५८० रुपये वाचले.

हे करता येतं, यात बेकायदा काही नाही. पण मी त्यांना अडवलं. एकत्र काढलेल्या तिकिटांना एकच पीएनआर मिळतो, म्हणजे कंपनीच्या दृष्टीने ते दोघं एक बिऱ्हाड असतं. उद्या विमान रद्द झालं किंवा वेळ बदलली, तर एका पीएनआरवरच्या माणसांना सहसा एकत्रच दुसऱ्या विमानात हलवतात. दोन पीएनआर म्हणजे दोन अनोळखी प्रवासी. एक सकाळच्या विमानात आणि दुसरा संध्याकाळच्या, असं होऊ शकतं. तरुण माणसं असती तर मी म्हटलं असतं, वाचवा पाचशे ऐंशी रुपये. पण पहिल्यांदा विमानतळ पाहणाऱ्या साठीपुढच्या जोडप्याला मी हा सल्ला देणार नाही. सामानाचाही प्रश्न होता, तो पुढे येतोच.

आता त्या ५,६४० रुपयांत काय काय होतं, ते मामांनी वहीत उतरवून घेतलं. मूळ भाडं इंधनाच्या आकारासह ५,०००. त्यावर पाच टक्के जीएसटी, म्हणजे २५०. सुरक्षा शुल्क २३६, ते कोणतंही विमान घ्या, तेवढंच. उरलेले १५४ विमानतळ वापरण्याचे आणि किरकोळ आकारणीचे. ही फोड वाचून ठेवण्याचं कारण तिकीट रद्द करताना कळतं. रद्द केल्यावर कंपनी जास्तीत जास्त मूळ भाडं आणि इंधन आकार एवढं कापू शकते. विमानतळ शुल्क आणि कर परत द्यावे लागतात, तिकिटावर 'नॉन-रिफंडेबल' लिहिलेलं असलं तरी आणि माणूस विमानतळावर पोचलाच नसला तरी. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय म्हणजे डीजीसीएचा हा नियम आहे. पुष्कळ लोक 'पैसे बुडाले' म्हणून ते मागतच नाहीत.

"आणि आमची सवलत?" मामींनी विचारलं. एसटीत मामींना महिला म्हणून अर्धं तिकीट, मामांना पासष्टी ओलांडल्यामुळे अर्धं. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, त्याचा राग मामांच्या मनात अजून होता. विमानात ज्येष्ठांचा वेगळा पर्याय असतो, साठी पूर्ण झालेल्यांसाठी. शोधताना तो आधीच निवडावा लागतो, नंतर मागून मिळत नाही. आणि सवलत मिळते ती फक्त मूळ भाड्यावर. आमच्या तिकिटावर ती सहा टक्के होती, म्हणजे माणशी ३०० रुपये आणि त्यावरचा जीएसटी १५. दोघांचे मिळून ६३० वाचले, ११,२८० चे १०,६५० झाले. विमानतळावर वयाचा दाखला मागू शकतात, तो जवळ हवा.

मामांचं समाधान पुढच्याच पानावर मावळलं. पैसे भरण्याच्या ठिकाणी 'कन्व्हिनियन्स फी' नावाने माणशी ३०० रुपये जोडले गेले. ६३० दिले आणि ६०० घेतले. ही फी तिकीट रद्द केलं तरी परत येत नाही. त्याआधीच्या पानांवर विमा, जेवण, आधी चढण्याची सोय, 'बिनधास्त रद्द करा'ची हमी, असं एकेक पुढे केलं जात होतं. या सेवा प्रवाशाने स्वतः निवडल्या तरच लावायच्या असा नियम आहे, पण पानांची मांडणी अशी असते की 'नको' म्हणणारं बटण बारीक अक्षरांत कोपऱ्यात आणि 'हवं' म्हणणारं रंगीत, मधोमध.

सगळ्यात जास्त फसगत होते ती खुर्च्यांच्या नकाशावर. नकाशा उघडला की प्रत्येक खुर्चीवर किंमत. कुठे दोनशे, खिडकीला चारशे, पाय पसरायच्या ओळीत आणखी जास्त. नवख्या माणसाला वाटतं की खुर्ची निवडली नाही तर उभं राहून जावं लागेल. तसं नाही. तिकिटाच्या भाड्यात एक खुर्ची आलेलीच आहे, ती कुठली हे निवडण्याचे हे पैसे आहेत. 'स्किप' शोधून पुढे गेलं तरी चालतं, जागा चेक-इनच्या वेळी मिळते. मात्र मग शेजारी-शेजारीच मिळेल याची हमी नाही. मामींना विमानात मामा शेजारी हवेच होते, पण चारशे रुपये देण्याइतके नव्हते, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

नावाच्या चौकटीशी मात्र आम्ही बराच वेळ अडलो. मामींचं माहेरचं नाव वेगळं, लग्नात बदललेलं नाव वेगळं. मतदार ओळखपत्रावर एक, आधारवर दुसरं आणि हाक तिसऱ्याच नावाने. विमानतळाच्या दारात सीआयएसएफचा जवान तिकिटावरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव ताडून पाहतो. म्हणून जे ओळखपत्र नेणार ते समोर ठेवून, त्यावरच्या स्पेलिंगनुसार नाव भरायचं. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं असतं, ते पहिल्या नावाच्या चौकटीत पहिल्या नावापुढे लिहायचं, आडनाव वेगळ्या चौकटीत. आम्ही तिकीट थेट कंपनीच्या संकेतस्थळावरून काढलं, त्यालाही हेच कारण होतं. किरकोळ चूक चोवीस तासांच्या आत ध्यानात आली तर कंपनी फुकट दुरुस्त करून देते. त्यावेळच्या नियमानुसार प्रवासाला आठवडाभर अवकाश असेल तर त्याच चोवीस तासांत तिकीट बिनखर्चात रद्दही करता येत होतं. मधल्या एजंटाकडून घेतलं की हेच काम दोन दारी फिरतं.

आता सामान. इकॉनॉमीच्या साध्या देशांतर्गत तिकिटावर माणशी पंधरा किलो पोटात आणि सात किलो हातात, हा सर्वसाधारण हिशेब. पोटात म्हणजे चेक-इनची बॅग. ती काउंटरवर द्यायची आणि थेट वाराणसीला पट्ट्यावर घ्यायची. तिच्यातली गोळी किंवा स्वेटर वाटेत काढता येत नाही. म्हणून औषधं, चष्मा, पैसे, दागिने आणि एक शाल हातातल्या बॅगेत. एसटीच्या टपावर टाकलेल्या सामानावर खिडकीतून लक्ष ठेवता येतं, इथे तो प्रश्नच नाही.

मामांनी भाजीवाल्याकडचा हुकाचा काटा आणून वजन केलं. मोठी बॅग साडेअठरा, छोटी आठ. एकूण साडेसव्वीस, दोघांची मुभा तीस. एक पीएनआर असल्यामुळे काउंटरवर दोघांचं वजन एकत्र धरलं गेलं. वेगवेगळी तिकिटं असती तर मोठी बॅग एकाच्या पंधरा किलोंत मोजली असती. वरच्या साडेतीन किलोंना विमानतळावर किलोमागे पाचशेच्या वर दर, म्हणजे दोन हजारांना फोडणी. ५८० वाचवायला गेलेले मामा तिथे अडकले असते. दोन्ही बॅगांत वजन सारखं वाटून घेणं हाही उपाय होताच, पण तो काउंटरसमोर बॅग उघडून साड्या इकडून तिकडे करत सुचतो. एक सावधगिरी मात्र हवी. काही स्वस्त तिकिटांवर माणशी एकच नग चालतो. वजन बसलं तरी तीन पिशव्या नेल्यास तिसरीचे पैसे पडू शकतात.

मामींनी काशीच्या पूजेचं सामान भरलं होतं. कापूर, काडेपेटी, खोबऱ्याच्या वाट्या, वाती, अडकित्ता, कैरीचं लोणचं, तुपाचा डबा. यातल्या निम्म्या वस्तू मी बाहेर काढल्या आणि मामी रुसल्या.

कापूर आणि काडेपेटी दोन्ही बॅगांत चालत नाहीत. कापूर सहज पेट घेणारा घन पदार्थ म्हणून धोकादायक मालाच्या यादीत आहे. खोबऱ्याच्या वाटीचं लोकांना नवल वाटतं. सुक्या खोबऱ्यात तेल भरपूर असतं आणि कोंडलेल्या, दमट जागी ते हवेशी संयोग पावून आपोआप तापू शकतं. मालवाहतुकीत सुकं खोबरं 'स्वतःहून पेटू शकणाऱ्या' पदार्थांत मोडतं आणि २०२२ पासून भारतात ते चेक-इनच्या बॅगेतही ठेवता येत नाही. लोणचं आणि अडकित्ता हातात नको, पोटातल्या बॅगेत चालतात. लोणच्याच्या बरणीचं झाकण चिकटपट्टीने बंद करून ती प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली. तूपही तसंच. "काशीत कापूर मिळत नाही असं आहे का?" असं मामांनी विचारल्यावर मामींचा रुसवा गेला, पण खोबऱ्याच्या वाट्या त्यांनी माझ्या फ्रिजमध्ये ठेवून दिल्या, परत आल्यावर नेईन म्हणून.

प्रवासाच्या दोन दिवस आधी, अठ्ठेचाळीस तास उरल्यावर, त्या कंपनीचं वेब चेक-इन उघडलं. चेक-इन म्हणजे 'आम्ही येणार' असं कळवून खुर्ची पक्की करणं आणि बोर्डिंग पास घेणं. इथे पुन्हा खुर्च्यांचा नकाशा आला, पुन्हा किमती. मागच्या ओळींत काही खुर्च्या फुकट होत्या, शेजारच्या दोन मिळाल्या. नाही मिळाल्या असत्या तर काउंटरवर जाऊन विनंती करायची, एका पीएनआरवरच्यांना शक्यतो जवळ बसवतात. काही कंपन्या काउंटरवर बोर्डिंग पास काढून देण्याचे पैसे घ्यायच्या. जुलै २०२२ मध्ये विमान वाहतूक मंत्रालयाने ते घेऊ नका असं बजावलं. त्यामुळे स्मार्टफोन नसलेल्या माणसाने बिचकायचं कारण नाही.

वेब चेक-इन झालं म्हणजे आता विमानात बसायचंच बाकी, हा मामांचा पुढचा समज. बॅग पोटात द्यायची असेल तर काउंटरवर जावंच लागतं आणि तो काउंटर विमान सुटायच्या एक तास आधी बंद होतो. चढण्याचं दार साधारण वीस-पंचवीस मिनिटं आधी. तिकिटावर ११.३० लिहिलं असेल तर ११.३० ला चाकं हलतात. १०.३१ ला धापा टाकत बॅग घेऊन पोचलेल्या माणसाला काउंटरवरची मुलगी 'सॉरी' म्हणते. हात दाखवा, एसटी थांबवा हा कारभार इथे नाही.

वेळ चुकण्याचं मुंबईतलं नेहमीचं कारण म्हणजे टर्मिनल. सांताक्रूझचं टी-वन आणि सहारचं टी-टू ही एकाच विमानतळाची दोन दारं खरी, पण एकाकडून दुसरीकडे रस्त्याने चार-पाच किलोमीटर जावं लागतं, तेही मुंबईच्या वाहतुकीत. एकाच कंपनीची काही विमानं एकीकडून, काही दुसरीकडून सुटतात, म्हणून कंपनीचं नाव पाहून टर्मिनल ठरवू नये, तिकिटावर वाचावं. आता त्यात नवी मुंबईची भर पडली आहे. डिसेंबर २०२५ पासून तिथून प्रवासी विमानं सुटू लागली. तिकिटावर BOM असेल तर जुनं विमानतळ, NMI असेल तर नवी मुंबईचं. सातारा-पुण्याकडून येणाऱ्यांना दुसरं सोयीचं आहे, पण अक्षरं न वाचता टॅक्सीत बसलं तर सोय उलटते.

मी त्यांना टी-टूच्या दारापर्यंत सोडलं. पुढचं मामांच्या तोंडून ऐकलेलं. बॅगा पट्ट्यावर गेल्या, दोघं सुरक्षा तपासणीच्या रांगेकडे निघाले, तेवढ्यात मामांचा फोन वाजला. "सर, तुमच्या बॅगेत पॉवर बँक आहे. उघडून द्यायला या." माझ्या भावाने प्रेमाने दिलेली पॉवर बँक मामींनी 'फुटायला नको' म्हणून साडीच्या घडीत ठेवली होती. लिथियमची बॅटरी तापून पेटली तर विमानाच्या पोटात तिच्यापर्यंत कोणी पोचू शकत नाही. वर प्रवाशांजवळ पेटली तर कर्मचारी तरी काही करू शकतात. म्हणून पॉवर बँक नेहमी हातातल्या बॅगेत. एक्स-रेमध्ये ती लगेच ओळखू येते. मामींनी सगळ्यांदेखत आठ साड्या उपसल्या तेव्हा ती सापडली. हाताशी दोन तास होते म्हणून निभावलं. तिकिटावर फोन नंबर स्वतःचा द्यावा, तिकीट काढून देणाऱ्या भाचीचा नव्हे, ते अशासाठी.

सुरक्षा तपासणीत मामी पुन्हा अडकल्या. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेत बसवलेला सांधा धातूचा, कमान वाजली. बायकांची तपासणी पडद्याआड महिला जवान करते. तिने हातातल्या यंत्राने गुडघा तपासला, विचारलं आणि सोडलं. शस्त्रक्रियेचा कागद मामींनी नेला होता, तो कोणी पाहिलाही नाही. चालणं खरंच जड जात असेल तर व्हीलचेअर फुकट मिळते, फक्त ती तिकीट काढताना किंवा निदान दोन दिवस आधी सांगून ठेवावी. मामींनी नको म्हटलं होतं आणि टी-टूमधलं अंतर चालून झाल्यावर 'हो म्हणायला हवं होतं' असंही म्हटलं.

परतीचं तिकीट आम्ही वेगळं काढलं होतं. देशांतर्गत प्रवासात बहुतेक वेळा जाण्यायेण्याचं एकत्र काढून भाडं कमी होत नाही, दोन एकेरी तिकिटांची बेरीजच असते. परतताना प्रश्न उभा राहिला तो बनारसी साड्यांचा, पितळी गडूंचा आणि गंगाजलाचा. गंगाजल हातात नेऊ नये, झाळलेला गडू कपड्यांत गुंडाळून पोटातल्या बॅगेत ठेवावा. मामांनी काशीच्या लॉजवर वजन केलं. दोन बॅगा मिळून चौतीस किलो भरल्या. आदल्या रात्री त्यांनी मला फोन केला. मी कंपनीच्या संकेतस्थळावरून पाच किलो जादा सामान आधीच विकत घेतलं. विमानतळावर चार किलोंना जेवढे पडले असते त्यापेक्षा ते पाच किलो स्वस्त पडले. मात्र ही सोय विमान सुटायच्या काही तास आधीपर्यंतच असते. बाबतपूरचं विमानतळ काशीच्या घाटांपासून पंचवीसेक किलोमीटरवर आहे, तिथे पोचल्यावर सुचून उपयोग नव्हता.

मामांनी एका किलोची जागा शिल्लक राहिली म्हणून सांगितल्यावर मामींनी वाटेत आणखी एक गडू घेतला.